घास वर ढकलतं कोण?

प्रश्न: जेवण झालं की पाच-दहा मिनिटांत घास आपोआप वापस तोंडात येतो. मळमळ नाही, ओकारी नाही, जोर करा लागत नाही. दर जेवणाले असंच होते. काय असन हे?

उत्तर:

तुम्ही सांगता ते रुमिनेशन सिंड्रोमसारखं दिसतं. मराठीत सरळ रवंथ म्हणा. मी यवतमाळ जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही. पण हेच दुखणं मी पावणेदोन वर्षं काढलंय, म्हणून लिहितो. घास वर ढकलतात ते पोटाच्या भिंतीचे स्नायू, बरगड्यांच्या खालचे. ते आवळतात ते आपल्याला कळत नाही, म्हणून घास आपोआप आल्यासारखा वाटतो.

माझं सुरू झालं ते एका पावसाळ्यात. गावोगाव लसीकरण चालू होतं, कुठंतरी खराब पाणी पोटात गेलं आणि चार दिवस हगवण-उलट्यांनी झोपवलं. सलाईन लागलं, बरा झालो, भूकही परत आली. पण पंधरा-वीस दिवसांनी लक्षात आलं की जेवून उठलो की पहिला घास तोंडात हजर. आंबट नाही, कडू नाही. भाकर भाकरीसारखीच, पिठलं पिठल्यासारखंच लागायचं. लोकांत असलो की चावून परत गिळायचो, एकटा असलो की हात धुवायच्या बहाण्यानं मोरीत थुंकायचो. एका जेवणाला वीस-पंचवीस वेळा तरी. तासाभरानं चव आंबट व्हायला लागली की थांबायचं. झोपेत एकदाही झालं नाही. आई म्हणायची, ‘बैलावानी काय रवंथ करत रायतं रे?’ निदान तिनं पहिल्याच दिवशी केलं होतं, मीच हसण्यावारी नेलं.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी एक चूक केली. प्रत्येक ठिकाणी ‘जेवल्यावर उलटी होते’ असं सांगितलं. मग उलटी थांबवायच्या गोळ्या मिळाल्या, नंतर ॲसिड कमी करायच्या, त्या सात महिने घेतल्या. दुर्बिणीची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. एकानं टेन्शन घेऊ नका म्हणून सोडून दिलं. कोणी चुकीचं वागलं असं म्हणवत नाही, कारण उलटीवरचं औषध उलटीलाच लागू पडतं आणि मला उलटी होतच नव्हती.

शेवटी नागपूरला पोटाच्या एका डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. आधी मळमळ होते का? चव कशी असते? रात्री होतं का? मग त्यांनी खालून आलूपोहे मागवले. त्यांच्यासमोर प्लेटभर खायला लावले, वर दोन गिलास पाणी. शर्ट वर करून मला अर्धवट आडवं केलं आणि तळहात बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली सपाट ठेवला. सहा-सात मिनिटं गेली. अचानक ते म्हणाले, ‘आता.’ मी म्हणणार होतो काय आता, तेवढ्यात पोहे तोंडात. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मला कळायच्या आधी त्यांच्या हाताला कळत होतं. मग माझाच हात तिथं ठेवला. घास यायच्या जेमतेम एक सेकंद आधी पोट आत ओढलं जात होतं, कोणी चिमटा घ्यायला आला की आपण पोट चोरतो ना, तसं. पावणेदोन वर्षांत मला हे एकदाही जाणवलं नव्हतं.

आत काय होतं ते असं. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं एक झडप असते. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा, स्नायू तिला आधार द्यायला तिच्याभोवती आवळलेला असतो. पोट भरलं की ही झडप मधूनमधून थोडा वेळ सैल पडते, ढेकर त्यातूनच येतो. हे सगळ्यांचंच होतं. आमच्या बाबतीत त्याच वेळी पोटाची भिंत झटक्यानं आवळते. जठरातला दाब एकदम चढतो, पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या वर. तो दाब अन्न वर ढकलतो आणि अन्ननलिकेची घशाजवळची झडपही वाट देते. नाकातून दाबमापक नळी घालून जेवल्यानंतर तपासलं की प्रत्येक घासाआधी दाबाचा हा उंचवटा आलेखात दिसतो. पण ती सोय मोठ्या शहरात, आणि बहुतेकदा नीट विचारपूस केली तरी निदान होतं.

मग मळमळ का नाही? खऱ्या ओकारीची आज्ञा मेंदूच्या बुंध्यातून सुटते. आधी तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो, जीव कासावीस होतो. आतड्यातला माल उलटा जठराकडे येतो, मग उमासे, म्हणजे डायफ्राम आणि पोट दोन्ही मिळून हिसके मारतात, आणि शेवटी बाहेर. एवढी मोठी मोहीम असते ती. रवंथात ही मोहीम निघतच नाही. पोटाचे स्नायू एकटेच एक झटका देतात आणि झालं. म्हणून त्याचं नातं ओकारीपेक्षा ढेकराशी जास्त जवळचं आहे.

गाय-बैलांची गोष्ट वेगळी, आणि इथं मला गंमत वाटते. बैल खाली बसला की त्याच्या मानेकडे बघा. डाव्या बाजूनं गोळा खालून वर सरसर चढताना दिसतो. तो चाळीस-पन्नास वेळा चावतो, गिळतो, थोडं थांबून पुढचा. त्याच्यात जाळीपोट, म्हणजे पोटाचा एक कप्पा, आवळतं, पण मुख्य जोर छातीचा. श्वासनलिकेचं तोंड बंद ठेवून तो श्वास ओढतो, छातीत पोकळी होते आणि गोळा वर खेचला जातो. माणसात मात्र मुख्य जोर खालून दाबण्याचा. दुसरं म्हणजे बैलाच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, आपल्या जठरासारखं ॲसिड सुटत नाही, त्यामुळे त्याचं तासन् तास चालतं. आपल्या जठरात ॲसिड मिसळतं, चव बिघडते आणि रवंथ आपोआप बंद पडतो. आणि बैलानं रवंथ सोडला की मालक माझ्याकडे धावत येतो, माणसानं सुरू केला की डॉक्टरकडे!

पोटाचे स्नायू हे शिकतात कुठून? माझ्यासारखं अनेकांना आधी पोटाचा आजार होतो, काहींना मोठा ताण. नंतर भरलेलं पोट नको तितकं जाणवायला लागतं. वर गच्च, आवळल्यासारखं. एकदा पोट झटकलं गेलं, घास वर आला, गच्चपणा क्षणभर उतरला. शरीराला ते पटलं आणि सवय बसली. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते तसं ते पुढं आपसूक होत राहतं. मुद्दाम कोणी करत नाही, हे घरच्यांना सांगा, कारण घरात ‘नाटक करते’ हा शब्द फार लवकर येतो.

सवय असल्यामुळेच ती मोडताही येते. पोटातून श्वास घेणं हा त्यावरचा मुख्य उपाय. डायफ्राम खाली जायचा तर पोटाची भिंत सैल पडून पुढं यावी लागते. सैल असताना तीच भिंत आवळू शकत नाही, आणि डायफ्राम झडपेभोवती घट्टही बसतो. मला शिकवलं ते असं: एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं हळू श्वास घ्या, पोटावरचाच हात वर आला पाहिजे, छातीवरचा नाही. सोडताना घाई नाही. मिनिटाला सहा ते आठ श्वास, एवढी संथ लय. जमेपर्यंत उताणं झोपून शिका. मी पोटावर अर्धा किलो तुरीच्या डाळीचं पाकीट ठेवायचो, ते वर-खाली होताना दिसलं की खात्री पटायची.

रिकाम्या पोटी आठवडाभर दोन वेळा दहा-दहा मिनिटं सराव केला. मग जेवण झालं की लगेच पंधरा मिनिटं, खाटेवर मागं टेकून. सुरुवात अर्ध्या भाकरीनं. पहिल्या दोन दिवसांत काहीच फरक नाही, मी वैतागलो. तिसऱ्या दिवशी कळलं की चूक कुठं आहे. पोट बाहेर यायला हवं म्हणून मी ते मुद्दाम फुगवत होतो, म्हणजे स्नायू ताणतच होतो. ते सोडून दिल्यावर घास निम्म्यावर आले, सहा आठवड्यांत दोन-तीनवर. आता पंगतीत घाईघाईनं जेवलो, वर गटागटा पाणी प्यालो, तर अजून एखादा येतो. तेव्हा मांडवाच्या मागं जाऊन श्वास घेतो. ज्यांना एवढ्यानं भागत नाही त्यांना डॉक्टर कधी बॅक्लोफेन नावाची गोळी देतात, ती गोळी अन्ननलिकेची खालची झडप घट्ट ठेवते. पण तिच्यानं झोप येते, स्वतःहून घ्यायची गोळी नाही ती.

घरी हात ठेवून बघा, पण स्वतःच शिक्का मारू नका. घास छातीत अडकत असेल, किंवा रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं अन्न तोंडात येत असेल, तर अन्ननलिकेची खालची झडप उघडतच नसल्याची शक्यता असते. दुपारचं अन्न चार-पाच तासांनी येत असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागत असेल. आंबट पाणी वाकल्यावर किंवा झोपल्यावर वर येत असेल तर ते साधं ॲसिड. वजन उतरत असेल, रक्त दिसलं, तर थांबू नका. रवंथानंही वजन उतरतं आणि दातांवरचा थर झिजतो, पण ते तपासूनच ठरवायचं.

आणि डॉक्टरांना ‘उलटी होते’ सांगू नका. असं सांगा: जेवल्यावर इतक्या मिनिटांत घास तोंडात येतो, चव जेवणाचीच असते, आधी मळमळ नसते, इतक्या वेळानं आंबट होऊन थांबतो, झोपेत होत नाही. शक्य असेल तर जेवल्यानंतर उघड्या पोटाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ घरच्या कोणाला मोबाइलवर काढायला लावा. पोट आत ओढलं जाताना त्यात दिसतं.