चारीतला पाचोळा

"बासष्टाव्या वर्षी कविता सुचायला लागल्यात. वही कपाटात कपड्यांखाली ठेवतो. मॅडम, या वयात हसंच होणार ना माझं?"

समुपदेशनाला येणाऱ्या निवृत्त मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पुसून सांगते. काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पहिल्या भेटीत मी वही मागितली नाही. विचारलं, "हसतंय कोण? चेहरा दिसतो का?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ऑफिसातले. आणि कुसुमाग्रजांच्या नाशकात राहून आपण काय लिहायचं!"

ऑफिसातल्या कुणालाही कविता माहीतच नव्हत्या. लाज वाटायला समोर माणूस लागत नाही, मनातला प्रेक्षक पुरतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्याच्याशी वाद घालून तो उठत नाही. म्हणून मी वयाचा विषय सोडला आणि कवितेकडे वळले.

तिसऱ्या भेटीत त्यांनी वाचून दाखवलं. चांदणं, विरह, व्याकूळ सांज. वाचताना आवाज खाली जात होता. मी थांबवलं. "काका, 'व्याकूळ' हा शब्द घरात कधी वापरलात?"

"नाही."

"मग रात्री कालव्यावर काय ऐकू यायचं?"

ते सरसावून बसले. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की शेतांकडे जाणाऱ्या कोरड्या चारीत पाणी दिसायच्या आधी सळसळ ऐकू येते, पाणी पाचोळा पुढे ढकलत आणतं. बॅटरी घेऊन चारीवर उभं राहायचं, कुणी रात्रीतून दार उघडू नये म्हणून. हे सांगताना आवाज जरासुद्धा खाली गेला नाही. तेव्हा मला उमगलं, आणि आजही या निदानाचं समाधान वाटतं: त्यांना उशिराची लाज नव्हतीच, उसन्या शब्दांची होती. चाळीस वर्षं पाणी मोजलेल्या माणसाला खोटं माप लगेच कळतं.

मी अष्टाक्षरी सुचवली. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. मोजणीचा हात होताच. पुढच्या वेळी आणलं:

चारीतून येतो आधी
पाचोळा, नि मग पाणी

असं कुणाला करायचं असेल, तर बोलण्यात कधीच न येणारा शब्द आधी खोडा. कविता पंधरा दिवस तशीच ठेवा, मग मोठ्याने वाचा. आवाज जिथे दबतो, ती ओळ बहुधा तुमची नसते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढ्यात टाकू नका. तिथे सगळ्याच कवितेला सारखंच 'वा वा' मिळतं, आणि माणूस तेच तेच लिहू लागतो. प्रश्न विचारेल असा एकच वाचक शोधा. मात्र संकोच कवितेपुरता नसेल, झोप उडाली असेल, माणसं टाळावीशी वाटत असतील, तर ते दुखणं वेगळं. त्यासाठी वही बाजूला ठेवून या.

काकांनी नातीला दाखवली. तिने विचारलं, "आजोबा, चारी म्हणजे काय?" रविवारी ते तिला कालव्यावर घेऊन गेले.