तुकड्यांवरून प्रोटीन कळतं, पण जनावर?

प्रश्न: एमएस्सी बायोकेम करतोय, बेळगावात. पेपरांत सगळीकडे "ट्रिप्सिनने डायजेस्ट करून मास स्पेकने प्रोटीन ओळखलं" एवढंच लिहिलेलं असतं. मशीन तर फक्त वजन सांगतं, मग तुकड्यांवरून अख्खं प्रोटीन कसं कळतं? आणि म्हशीच्या दुधात गाईचं घातलंय का ते यातून सापडेल का? कुणीतरी नीट सांगा.

उत्तर:

सापडतं की. दुधाचं तुम्ही शेवटी सहज विचारलंय, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच चांगलं कळेल म्हणून तेच धरून सांगतो. मी खानापूरचा, बेळगावात एका लॅबमध्ये सॅम्पल तयार करतो. मशीन आमच्याकडे नाही, तुकडे सुकवून बेंगळुरूला पाठवायचे आणि डेटा आला की इथं बसून बघायचं.

दुधातलं एक प्रोटीन घ्या, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, १६२ अमिनो ॲसिडची साखळी. गाईच्या बी प्रकाराशेजारी म्हशीचं ठेवलं तर फरक फक्त दोन जागी आहे, पहिल्या आणि शेवटच्या. पहिल्या जागी गाईला ल्युसिन, म्हशीला आयसोल्युसिन. १६२व्या जागी गाईला आयसोल्युसिन, म्हशीला व्हॅलिन. मधलं सगळं सेम.

आता ट्रिप्सिन. हे कुठंही कापत नाही, लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढं कापतं (त्यापुढं लगेच प्रोलिन असेल तर सहसा सोडून देतं). म्हणून साखळी माहीत असेल तर कुठले तुकडे पडणार ते कागदावर पेन्सिलीने आधीच लिहून ठेवता येतं, आणि सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. आपल्या कामाचे तुकडे हे, एक अक्षर म्हणजे एक अमिनो ॲसिड:

```
            गाय               म्हैस
सुरुवातीचा   LIVTQTMK          IIVTQTMK
मधला        TPEVDDEALEK       TPEVDDEALEK
शेवटचा      LSFNPTQLEEQCHI    LSFNPTQLEEQCHV
```

मधला तुकडा सापडला तर दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आहे एवढं कळलं, जनावर नाही कळलं. निपाणीच्या हायवेला लांबून पांढरी बोलेरो दिसली म्हणून ती इकडची का कोल्हापूरची हे सांगता येत नाही, पुढची केए-२२ का एमएच-०९ ही पाटीच वाचावी लागते, तसं. सुरुवातीचा तुकडा वेगळा आहे खरा, पण ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन तंतोतंत एक आहे, दोन्हीत अणू तेच, फक्त जोडणी वेगळी, त्यामुळं मशीन कितीही महागडं असो, वजनावरून तो फरक दिसणारच नाही. मशीनमध्ये तुकडा आणखी तोडतात त्या नेहमीच्या फोडणीतही दिसत नाही. म्हणजे पाटी एकच उरली, शेवटचा तुकडा.

तो मिळवायला डायजेशन नीट पाहिजे. या तुकड्यात १६० नंबरचं सिस्टीन आहे आणि ते मूळ प्रोटीनमध्ये ६६ नंबरच्या सिस्टीनला डायसल्फाईड बंधाने बांधलेलं असतं. बंध न सोडवता ट्रिप्सिन घातलं तर दोन्हीकडं कापलं जाईल पण तुकडे एकमेकांना चिकटलेलेच राहतील, आणि तुम्ही ज्या वजनाला शोधताय तिथं काहीच नसेल. नवीन पोरं मग "या सॅम्पलमध्ये हा पेप्टाइड नाही" असं लिहून मोकळी होतात. म्हणून आधी डीटीटी घालून ५६ डिग्रीला ठेवायचं, बंध सुटले की आयोडोॲसिटामाइड घालून अर्धा तास अंधारात, म्हणजे ते परत जुळत नाहीत. याने प्रत्येक सिस्टीनचं वजन ५७.०२ ने वाढतं, ते सॉफ्टवेअरला सांगून ठेवायचं. मग ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये, प्रोटीनच्या पन्नासावा हिस्सा ट्रिप्सिन, ३७ डिग्री, रात्रभर. सकाळी फॉर्मिक ॲसिड टाकून थांबवायचं, सी-१८ च्या टिपमधून मीठ काढायचं, सुकवायचं, झालं.

मशीनमध्ये काय होतं बघा. तुकडे कॉलममधून थोडे थोडे येतात, टोकाला व्होल्टेज लावून त्यांची वाफ करतात आणि त्यावर प्रोटॉन बसतात. आपल्या तुकड्यावर बहुतेक वेळा दोन बसतात, आणि मशीन वजन भागिले चार्ज, म्हणजे एम बाय झेड, मोजतं, म्हणून गाईचा तुकडा ८५८.४१ ला दिसतो, म्हशीचा ८५१.४० ला. खरा फरक १४.०२ डाल्टनचा, पण चार्ज दोन असल्यामुळं स्क्रीनवर तो ७.०१ दिसतो. चार्ज कसा कळला? शेजारच्या आयसोटोप पीकमध्ये अर्ध्याचं अंतर असेल तर दोन, एकाचं असेल तर एक.

एवढ्यावर "गाय सापडली" म्हणायचं नाही! ८५८.४१ च्या आसपास वजन असलेले दुसरे पेप्टाइड दुधात ढिगानं असू शकतात. म्हणून मशीन तेवढाच आयन बाजूला काढतं, गॅसवर आपटतं, आणि तो साखळीच्या बंधावर कुठंतरी एका जागी तुटतो. लाखो आयन आपटलेले असतात, कुणी इथं तुटतो कुणी तिथं, त्यामुळं प्रत्येक जागेचे अर्धे तुकडे मिळतात. डावीकडच्याला बी आयन म्हणतात, उजवीकडच्याला वाय. गाईच्या तुकड्याचे उजवीकडून पहिले तीन १३२.१०, २६९.१६, ४२९.१९. वजाबाकी करा: दुसऱ्यातून पहिला गेला की १३७.०६, ते हिस्टिडिन. तिसऱ्यातून दुसरा, १६०.०३, ते आयोडोॲसिटामाइड लागलेलं सिस्टीन. अशी एकेक पायरी चढत साखळी वाचायची. प्रोलिनच्या अलीकडचा बंध सहज तुटतो, म्हणून तिथला वाय-१० सहसा मोठा दिसतो, गाईला १२५४.५८, म्हशीला १२४०.५६. बी-४ मात्र दोघांनाही ४६२.२३, कारण डावी बाजू सारखीच आहे. मला स्पेक्ट्रम दिला की मी आधी हेच बघतो: बी सगळे जुळतायत आणि वाय सगळे १४.०२ ने सरकलेत, असं असेल तरच फरक उजवीकडं आहे.

इथं एक भानगड आहे जी पेपरात फारसं कुणी लिहीत नाही. १४.०१५७ म्हणजे एक कार्बन दोन हायड्रोजन, आणि मिथाइल ग्रुप चिकटला तरी वजन बरोब्बर तेवढंच वाढतं. ॲसिड घातलेल्या मिथेनॉलमध्ये सॅम्पल पडून राहिलं तर ग्लुटामिक ॲसिडवर मिथाइल बसतो, आणि शुद्ध म्हशीचा तुकडा गाईच्या वजनाला जाऊन बसतो. तरी तो पकडता येतो, कारण मिथाइल मधल्या ग्लुटामिकवर असेल तर वाय-२ म्हशीचाच राहतो, २५५.१५, आणि सरकणं नंतर सुरू होतं. पण मिथाइल अगदी शेवटच्या टोकालाच बसला तर वायचे आकडेसुद्धा हुबेहूब गाईसारखे येतात, मग आकडे वाचून उपयोग नाही. त्यासाठी जड आयसोटोप घालून बनवलेला गाईचा पेप्टाइड विकत घ्यायचा आणि सॅम्पलमध्ये मिसळायचा, खरा गाईचा तुकडा कॉलममधून बरोबर त्याच्याच वेळेला बाहेर पडतो, भलता सहसा पुढंमागं होतो. आणि मुळात मिथेनॉल वापरूच नका की, ॲसिटोनायट्राइल आहे ना.

अजून एक, साध्या आयन ट्रॅपवर फोडणी केली तर मूळ आयनच्या एम बाय झेडच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या खालचं दिसत नाही, म्हणजे आपले पहिले दोन वाय, जे सगळ्यात महत्त्वाचे, तेच गायब होतात. बुकिंग करतानाच एचसीडी किंवा क्यू-टॉफ मागा, त्यात हे खालचे आयन दिसतात.

आता सॉफ्टवेअर. लोकांना वाटतं ते स्पेक्ट्रम वाचतं. नेहमीच्या सर्चमध्ये ते वाचत नाही, ताडून बघतं. तुम्ही दिलेल्या डेटाबेसमधली प्रत्येक साखळी ट्रिप्सिनच्या नियमाने कापतं, वजन जुळणारे तुकडे बाजूला काढतं, त्यांचे बी-वाय किती असायला हवेत ते मोजतं आणि खऱ्या स्पेक्ट्रमशी किती जुळलं त्याला मार्क देतं. सोबत उलट्या लिहिलेल्या खोट्या साखळ्याही घालतात, खोट्या किती पास झाल्या त्यावरून चुका किती असतील त्याचा अंदाज येतो, साधारण १ टक्क्याला रेघ मारतात. यात गंमत अशी की डेटाबेसमध्ये फक्त गाय ठेवली, म्हणजे `LACB_BOVIN` आहे पण `LACB_BUBBU` नाही, तर शुद्ध म्हशीचं दूध घातलं तरी रिपोर्टमध्ये गाईचं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन भरघोस स्कोअरने येणार, कारण शेवटचा सोडून बाकी सगळे तुकडे जुळतायत आणि म्हशीच्या शेवटच्या तुकड्याला नाव द्यायला यादीत कुणी नाहीच. सुरुवातीचा तुकडासुद्धा गाईच्या नावाने पास होऊ शकतो, वजन तेच ना. असा रिपोर्ट घेऊन एखाद्या गवळ्याला चोर ठरवणं फार सोपं आहे. म्हणून दोन्ही साखळ्या घाला, आणि प्रोटीनच्या नावापुढचा स्कोअर सोडा, शेवटचा तुकडा कुणाचा सापडला तेवढं बघा. गाईचा ८५८.४१ वाला वायसकट, जड पेप्टाइडच्याच वेळेला दिसला तर गाय आहे.

तुम्ही बेळगावचे म्हणून विचाराल, कुंद्यात कळेल का? तिथं दूध आटवून साखरेसोबत भाजलेलं असतं, उष्णतेनं लायसिनवर लॅक्टोज चिकटतो, वजन ३२४.११ ने वाढतं आणि ट्रिप्सिनला तिथं कापता येत नाही. लायसिनने संपणारे बरेच तुकडे त्यामुळं कमी होतात. आपला तुकडा मात्र आर्जिनिनच्या पुढं सुटतो आणि त्याच्यात स्वतःत लायसिन एकही नाही, म्हणून त्याच्यावर या प्रकाराचा मार कमी. डीटीटीचं काम मात्र इथं जास्त मनापासून करायला लागतं कारण तापवल्यावर सिस्टीनं भलत्याच प्रोटीनशी जुळलेली असतात.

"किती टक्के घातलंय" हे मात्र दोन पीकांच्या उंचीवरून थेट काढू नका. दोन तुकडे सारख्या प्रमाणात आयन होतील असं नाही, आणि दुधात हे प्रोटीन किती असतं ते जनावरागणिक बदलतं. ओळखीच्या गोठ्यातनं समोर पिळलेलं गाईचं आणि म्हशीचं दूध आणा, ०, ५, १०, २५ टक्के अशी मिश्रणं स्वतः करा, प्रत्येकात जड पेप्टाइड सारख्याच मापाने घाला, त्यावरून रेषा काढा आणि मग बाजारातलं सॅम्पल त्या रेषेवर बसवा. दोन्हीला वेगवेगळी भांडी वापरा हं, गाईची धार काढलेल्या चरवीत म्हशीचं घेतलं तर तुमचा शून्यच शून्य राहणार नाही.