बायपासला संमती देण्याआधी डॉक्टरांना काय विचारू?

*ताई, बाबा ६७ वर्षांचे आहेत, पंधरा वर्षांपासून शुगर आहे. जिना चढताना छातीत भरून येतं म्हणून अँजिओग्राफी केली. तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज, पंपिंग ४५ टक्के. डॉक्टरांनी बायपास सांगितली. भाऊ म्हणतो, स्टेंटवर भागत असेल तर छाती कशाला उघडायची? बाबा म्हणतात, डॉक्टर सांगतील तिथे सही करतो. मला डॉक्टरांना पत्र लिहून सगळं विचारायचंय. पण नेमकं काय विचारू? आणि त्यांना राग आला तर? – एक मुलगी, सांगली*

पत्र जरूर लिही, पण एका पानाचं, आणि भेटीच्या आदल्या दिवशी पोचेल असं. प्रश्न हातात असले की डॉक्टर अँजिओग्राफीची सीडी लावून, बोट ठेवून दाखवू शकतात. ‘बायपास खरंच लागते का?’ असं विचारलंस तर ते अविश्वासासारखं वाटेल. ‘बाबांच्या बाबतीत बायपास का?’ असं विचार. त्याचं उत्तर द्यायला चांगल्या डॉक्टरांना आवडतं.

पहिला प्रश्न वेळेचा. डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशीच मोठा अडथळा असेल, तर फार थांबता येत नाही. त्रास फक्त चढावर होत असेल आणि औषधांनी आटोक्यात असेल, तर बहुतेक वेळा दुसरं मत घेण्याइतकी सवड असते. हे कळल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही.

भावाचा प्रश्न रास्त आहे, तोही पत्रात घाल. मात्र शुगरमुळे इथे पारडं बदलतं. मधुमेह आणि एकाहून जास्त रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असलेल्या १,९०० रुग्णांवर ‘फ्रीडम’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी शंभरात सुमारे सोळा जण दगावले, बायपासवाल्यांपैकी अकरा. पण पक्षाघाताचा झटका उलट बायपासवाल्यांत जास्त आला, शंभरात पाच जणांना; स्टेंटवाल्यांत दोघा-तिघांना. म्हणून भावाला गप्प बसवू नकोस. बाबांना हा झटक्याचा धोका किती, ते विचार. त्यासाठी मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करतात.

मी लिहिलं असतं तर असं:

‘स. न. वि. वि. उद्या बाबांना घेऊन आम्ही भेटायला येत आहोत. त्यांची अँजिओग्राफी समोर ठेवून थोडं समजावून सांगावं, ही विनंती. ऑपरेशन किती दिवसांत व्हायला हवं? त्यांचं वय, शुगर आणि ४५ टक्के पंपिंग पाहता स्टेंटपेक्षा बायपास त्यांना कशी बरी? सध्या फक्त औषधांवर राहिले तर काय होऊ शकतं? त्यांच्यासारख्या रुग्णांत ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा, पक्षाघाताचा आणि किडनी बिघडण्याचा धोका साधारण शंभरात किती? मानेची तपासणी, क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची शुगर पाहून हा अंदाज बदलेल का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती कधी बंद करायची? उत्तरं बाबांनाच सांगावीत. आम्ही शेजारी बसून लिहून घेऊ.’

एवढंच पुरे. ऑपरेशन कसं करणार हे कार्डिओलॉजिस्टना विचारू नकोस, ते काम सर्जनचं. त्यांची वेगळी भेट माग आणि तिथे एक गोष्ट नक्की विचार: छातीच्या आतली धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडणार ना? ती जोडणी दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असते. पायातून काढलेल्या शिरा तितक्या टिकत नाहीत, दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद पडतात. शुगर असलेल्यांच्या छातीच्या हाडाची जखम चिघळू शकते, तेव्हा ती कशी सांभाळणार आणि घरी गेल्यावर काय दिसलं तर लगेच यायचं, तेही तिथेच विचारून घे.

आता बाबांबद्दल. ‘सांगतील तिथे सही’ यात विश्वास असेल, भीतीही असेल. पत्र पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखव आणि विचार, ‘बाबा, तुमचा काही प्रश्न आहे का?’ शेतात परत कधी जाता येईल, स्कूटर कधी चालवता येईल, असलं काही निघेल. ते पत्राच्या सुरुवातीलाच घाल. सही त्यांची आहे. संमतीपत्र मराठीत मागून आदल्या दिवशी घरी वाचू दे, ऑपरेशनच्या सकाळी घाईत नको.

उत्तराची वाट पाहताना कुणाच्या सांगण्यावरून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि बसल्या जागी छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला किंवा रात्री श्वास कोंडून जाग आली, तर पत्र, दुसरं मत सगळं बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.