मुलाखती लांबल्या, गाईडकडे मुदतवाढ कशी मागू?

"मॅडम, माझं डिसर्टेशन रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसवर आहे. चौदा मुलाखती ठरवल्या होत्या, नऊच झाल्यात, कारण त्यांच्या ड्युट्या सारख्या बदलतात. सबमिशन १५ मेला आहे. गाईडना मेल लिहायला बसले की नुसती माफीच लिहिली जाते. नेमकं काय लिहू?"

सगळ्यात आधी हे बघ की मुदतवाढ मंजूर कोण करतं. बऱ्याच ठिकाणी गाईड फक्त शिफारस करतात, मंजुरी विभागाची किंवा परीक्षा समितीची असते, त्याचा वेगळा फॉर्म असतो आणि तो मुदत संपायच्या आत द्यावा लागतो. त्यामुळे गाईडना तुझा मेल वाचून पुढे दोन ओळी लिहिता आल्या पाहिजेत, इतका तो स्पष्ट हवा. माफी एका वाक्यात पुरे.

आता कारण. "पार्टिसिपंट वेळ देत नाहीत" असं लिहिलंस तर समिती लगेच म्हणेल की हे आधी कळायला हवं होतं, फील्डवर्कमध्ये असं होतंच, आणि नियोजन कमी पडलं हे कारण सहसा चालत नाही. शिवाय त्या स्वेच्छेने भाग घेतायत, त्यांना दोष द्यायचाच नाही. त्यापेक्षा काय घडलं ते लिही, म्हणजे वेळा ठरल्या होत्या, ड्युटीचं वेळापत्रक बदललं, पुन्हा वेळा घेतल्या. कोणाला कधी विचारलं, कधीची वेळ ठरली, का रद्द झाली याचा एक छोटा तक्ता जोड, पण त्यात नावं नकोत, पी१०, पी११ असे कोड टाक. आणि पुरावा म्हणून त्यांचे मेसेज फॉरवर्ड करू नकोस, कन्सेंट घेताना गोपनीयतेचा शब्द दिलायस ना, तो इथेच मोडतो.

मग तारीख. "थोडा वेळ मिळावा" असं मोघम नको आणि अंदाजे महिनाभरही नको, हिशोब कर. समजा उरलेल्या पाचांपैकी तिघींच्या वेळा ६, ८ आणि ११ मेला पक्क्या आहेत. तासाभराची मुलाखत उतरवून काढायला साधारण पाच-सहा तास जातात, रेकॉर्डिंगमध्ये गोंगाट असेल तर जास्तच, म्हणजे तिन्ही ट्रान्सक्रिप्ट १६ मेपर्यंत होतील. कोडिंग आणि निष्कर्षांचं प्रकरण सुधारायला २५ मे. त्यानंतर गाईडना ड्राफ्ट वाचायला एक आठवडा, हा आठवडा मुलं हमखास विसरतात आणि मग दुसऱ्यांदा मुदत मागायची वेळ येते. दुरुस्त्या धरून ५ जून, म्हणजे तीन आठवडे मागायचे.

राहिलेल्या दोघींचं काय, तेही त्याच मेलमध्ये सांग. ११ मेनंतर एकही मुलाखत घेणार नाही, तोवर जितक्या होतील तितक्यांवर काम पूर्ण करीन, असं लिहून टाक, कारण गाईडना खरी धास्ती असते की हे असंच लांबत जाईल. गुणात्मक अभ्यासात चौदाच हव्यात असं काही नसतं, नवीन मुलाखतीत नवे मुद्दे येणं थांबलंय का हे महत्त्वाचं, आणि बारांवर थांबलीस तर मेथडॉलॉजीत कारणासकट तसं नोंदवायचं.

मेल साधारण असा होईल:

"विषय: डिसर्टेशन सबमिशन, १५ मेऐवजी ५ जूनपर्यंत मुदतवाढीची विनंती

मॅडम, मुलाखतींना उशीर झाल्यामुळे सबमिशनसाठी ५ जूनपर्यंत मुदतवाढ हवी आहे. १४ पैकी ९ मुलाखती झाल्यात, ९ही ट्रान्सक्राइब केल्यात, साहित्य समीक्षा आणि मेथडॉलॉजी लिहून झालंय. ड्युटी बदलल्यामुळे ५ मुलाखती रद्द झाल्या, त्यातल्या ३ आता ६, ८ आणि ११ मेला ठरल्यात. ११ मेनंतर डेटा गोळा करणं थांबवीन. २५ मेला पूर्ण ड्राफ्ट तुम्हाला देईन. संपर्काचा तक्ता आणि कामाचं वेळापत्रक जोडलंय. विभागाच्या फॉर्मसाठी तुमची शिफारस मिळेल का? उशीर झाल्याबद्दल दिलगीर आहे."

बस, एवढाच. "झालंय" म्हणून जे लिहिशील ते खरंच झालेलं असू दे, कारण गाईड लगेच म्हणतील, पाठव बघू.

पाठवायच्या आधी एथिक्स मंजुरीची शेवटची तारीख तपास. ती ११ मेच्या आत संपत असेल तर सबमिशनची मुदत वाढूनही मुलाखती घेता येणार नाहीत, तिथे वेगळी परवानगी लागते. आणि समोरासमोर ऐवजी फोनवर घ्यायचं ठरवलंस, ड्युटीवाल्यांना ते सोयीचं पडतंही, तर मूळ अर्जात फोन लिहिलाय का बघ, नसेल तर तो बदलही कळवावा लागतो.

मेल आजच जाऊ दे. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर गाईडना भेटून विचार, आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत १५ मे हीच तारीख धरून नऊ मुलाखतींचं कोडिंग चालू ठेव.