आठ ओळींत स्वातंत्र्याची किंमत: आमच्या पोरीची कविता

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. १५ ऑगस्टला शाळेत म्हणायला ‘स्वातंत्र्याची किंमत’ या विषयावर तिला स्वतः आठ ओळींची कविता लिहायची आहे. कशी लिहावी? एखादा नमुना द्याल का?

नमुना देते. पण तो कुठून आला आणि त्याचं शाळेत काय झालं, हे सांगितल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

२०२३ साली माझी मुलगी आठवीत होती. हाच विषय, आठच ओळी. पहिल्या दिवशी तिने जे लिहून आणलं त्यात पहिल्या चार ओळींत भगतसिंग, नेताजी, टिळक, झाशीची राणी असे सगळे येऊन गेले होते आणि उरलेल्या चारांत ‘महान, बलिदान, अभिमान, हिंदुस्थान’. मी तिला स्पष्ट सांगितलं की यात किंमत कुठेच नाही, नुसती नावं आहेत. किंमत म्हटली की कोणी मोजली, काय मोजलं आणि त्याबदल्यात काय मिळालं हे दिसायला हवं. आठ ओळींत ते एकाच गोष्टीचं दाखवता येतं. दोन गोष्टी घेतल्या तर दोन्ही अर्धवट राहतात.

आम्ही नागपूरचे. इथे गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. १९२३ चा झेंडा सत्याग्रह आमच्याच शहरातला, आणि त्या वर्षी त्याला बरोबर शंभर वर्षं होत होती. जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्यावरून वाद पेटला आणि तो नागपुरात आला. झेंडा घेऊन सिव्हिल लाईन्समध्ये, म्हणजे साहेबांच्या वस्तीत, मिरवणूक न्यायला सरकारने मनाई केली. मग १ मेपासून रोज माणसं झेंडा घेऊन निघायची, अडवली जायची, पकडली जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी माणसं निघायची. जमनालाल बजाज पुढे होते, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशभरातून लोक आले आणि हजाराच्या वर माणसं तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक सिव्हिल लाईन्समधून गेली, ती कोणी अडवली नाही.

हे मी पोरीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे फक्त रस्त्याने चालण्यासाठी जेल?” मी म्हटलं, हेच लिही.

तिने अष्टाक्षरी घेतली. आठवीच्या मुलीला हाच छंद सोपा पडतो, कारण लघु-गुरूचा हिशेब नाही, एका ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, बोटांवर मोजता येतं. तयार झालेली कविता अशी, त्यातली बर्डी म्हणजे आमची सीताबर्डी, नागपूरची बाजारपेठ:

सिव्हिल लाईन्स, १९२३

दहा रुपयांचा झेंडा
आज बर्डीवर आला,
असा हाती धरणारा
तेव्हा तुरुंगात गेला.

त्याच रस्त्याने आमची
बस न अडता जाते;
ज्यांनी काढले तिकीट
त्यांचे नाव कुठे येते?

ही एका झटक्यात झाली नाही. तिसरी ओळ आधी ‘हाच हाती धरणारा’ अशी होती. ऐकायला जास्त जोरदार, पण खोटी. १९२३ चा झेंडा वेगळा होता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा. अशोकचक्राचा आपला तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. म्हणून ‘हाच’ काढून ‘असा’ घातलं. अक्षरं तेवढीच राहिली आणि इतिहासही बरोबर झाला. मुलांच्या कवितेत एवढं कशाला बघायचं, असं मला आमच्या घरातच ऐकवलं गेलं. मी म्हणते, इथे नाही बघायचं तर कुठे? ज्याच्या त्यागावर कविता लिहिली त्याच्या हातात काय होतं, तेवढं तरी खरं असावं.

‘बस न अडता जाते’ ही ओळ आधी ‘बस रोज रोज जाते’ होती. त्यात दुसरा ‘रोज’ फक्त अक्षरं भरायला आला होता. अष्टाक्षरीत हा रोग हमखास लागतो. आठ भरेनात की मुलं ‘हो’, ‘रे’, ‘गं’, ‘बरे’ घालतात, नाहीतर शब्द दोनदा लिहितात. ओळखायची खूण सोपी आहे: तो शब्द काढून अर्थ तसाच राहतो का बघा. राहिला तर तिथे कामाचा शब्द शोधा. ‘न अडता’ आलं आणि अडवलेली मिरवणूक आपोआप आठवली. तिकिटाची कल्पना मात्र सर्वस्वी तिची. मला ती आजही त्या कवितेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण आठवीतल्या मुलीला किंमत मोजणं म्हणजे काय हे तिच्या रोजच्या जगण्यातून कळलंय, ते तिथे दिसतं.

साल, जागा, कोणी मनाई केली ही माहिती आठ ओळींत कोंबायची नाही. ती कवितेच्या आधी बोलायच्या दोन वाक्यांत जाते: “१९२३ साली झेंडा घेऊन सिव्हिल लाईन्समध्ये जायला नागपुरात सरकारची बंदी होती. जे गेले ते पकडले गेले.” एवढं सांगून थांबायचं, मग शीर्षक, मग कविता. ही दोन वाक्यं नसतील तर ‘त्याच रस्त्याने’ म्हणजे कुठल्या, हे समोरच्यांना कळणार नाही.

आता शाळेचं. सांस्कृतिक कार्यक्रम बघणारे जे सर होते (नाव घेत नाही, शाळेचंही नाही) त्यांनी कविता वाचली आणि म्हणाले, “मॅडम, बर्डी, बस, तिकीट हे काय स्वातंत्र्यदिनाला शोभते का? हुतात्म्यांचं काही तर पाहिजे न.” आणि शेवटच्या दोन ओळी त्यांनी लाल पेनने बदलल्या:

ज्यांनी वाहिले हो प्राण
त्यांना आमचा प्रणाम.

अक्षरं मोजा, आठ-आठ आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘जाते’ला आता यमकच उरलं नाही, ते मध्येच लटकलं. ‘हो’ काय काम करतो, ते मी वर सांगितलंच. त्याहून मोठी गोष्ट, ही कविता प्राण देणाऱ्यांची नाहीच. झेंडा सत्याग्रहात लोकांनी मोजलेली किंमत मुख्यतः तुरुंगाची होती. धंदा, शेती, घर मागे ठेवून माणसं स्वतःहून पकडली गेली. प्राणाची किंमत सांगायची तर ती ज्यांनी दिली त्यांची स्वतंत्र कविता लिहा, इथे जोडून देऊ नका. मी हे सरांना त्यांच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. ते म्हणाले, पालकांनी इतकं मनावर घेऊ नये, टाळ्या कशाला मिळतात ते आम्हाला माहीत आहे.

पोरीने ती सरांच्या शेवटासह म्हटली, कारण म्हणायचा कागद सरांच्या फाईलमध्ये होता. टाळ्या मिळाल्या. त्या कुठल्याही ओळींना मिळाल्या असत्या, १५ ऑगस्टला आठवीची मुलगी स्टेजवर उभी राहिली की लोक टाळ्या वाजवतातच. त्यामुळे टाळ्यांवरून कविता बरी-वाईट ठरवणं मला मान्य नाही.

मैदानात मागे उभी राहून मी आणखी एक गोष्ट ऐकली. शाळेच्या भोंग्यातून ‘आला’, ‘गेला’, ‘जाते’ भिंतीपर्यंत पोचत होते. ‘प्राण’ आणि ‘प्रणाम’ पोचले नाहीत, कारण तिथे शब्द संपताना तोंडातली वाट बंद होते आणि आवाज पडतो. म्हणायच्या कवितेत ओळीचा शेवट शक्यतो आ, ए, ओ अशा उघड्या स्वरावर ठेवा, निदान यमकाच्या ओळींचा तरी. घरी तपासायचं तर मुलीला एका खोलीत उभं करा, तुम्ही पंखा लावून दुसऱ्या खोलीत बसा आणि कोणता शब्द कळला नाही ते लिहून ठेवा.

म्हणताना दुसरी गडबड चालीची होते. अष्टाक्षरी मुलं चार-चार अक्षरांवर झुलवत म्हणतात. तशी म्हटली की ‘तेव्हा तुरुं, गात गेला’ असं ऐकू येतं आणि माणूस तुरुंगाऐवजी गाणं म्हणत निघाला असं वाटतं. ‘दहा रुप, यांचा झेंडा’चंही तेच. चाल सोडून बोलल्यासारखी म्हणायला लावा. ओळीच्या शेवटी थोडं थांबायचं, चौथ्या ओळीनंतर पूर्ण श्वास. शेवटचा प्रश्न आहे, तो वर उचलून सोडायचा आणि लगेच ‘जय हिंद’ म्हणायचं नाही, दोन क्षण जाऊ द्यायचे. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. पंधरा सेकंदांत संपली तर ती पळतेय.

तुम्ही नागपूरच्या नसाल तर आमचा रस्ता घेऊ नका, तुमच्या गावचा घ्या. चिमूरकडच्या असाल तर ‘चले जाव’ चळवळीतला १६ ऑगस्ट १९४२ तुमच्या दारात आहे, आष्टीचंही तसंच, आणि तिथे गोळ्या चालल्या, माणसं गेली, तेव्हा तिथे ‘प्राण’ शब्द खरा ठरेल. अष्टाक्षरीही सक्तीची नाही. तिला मुक्तछंद जमत असेल तर तो चालेल, फक्त पाठ करायला जड जातो. आणि स्पर्धा असेल, गुण असतील, तर परीक्षकांना ठरलेले शब्द आवडतात हेही खरं आहे. मी तरी त्यासाठी कविता बदलणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

कविता जशीच्या तशी उचलून मुलीच्या नावावर देऊ नका, एवढी विनंती. ती माझ्या मुलीची आहे, आणि इथे मी तिला विचारूनच टाकली आहे, तिच्या शेवटासकट. तुमच्या मुलीची कविता झाली की तिच्या हाताने स्वच्छ दोन प्रती काढा. एक शाळेत द्या, दुसरी तिच्या दप्तरात राहू द्या. कोणी सर-मॅडम बदल सुचवतील तर आधी विचारा की बदललेली ओळ कोणाबद्दल आहे. उत्तर मिळालं नाही, तर तिने दप्तरातली प्रत घेऊन स्टेजवर जावं.