'येणार'ची यादी

"मॅडम, भूमितीचे पाच वर्षांचे पेपर काढून पंधरा प्रश्न निवडले. तेच पाठ केले. पूर्वपरीक्षेत त्यातला एकच आला. माझी निवड चुकली का?"

दहावीतल्या त्या मुलाला मी पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिकाच आणायला सांगितली. रचनेचा प्रश्न होता: वर्तुळावरील बिंदूतून, केंद्राचा उपयोग न करता स्पर्शिका काढा. याने बाहेर बिंदू घेऊन, केंद्राला जोडून, मध्यबिंदू काढून दोन स्पर्शिका काढल्या होत्या. आकृती सुबक होती, पण गुण शून्य. यादीत "3.2 सेमी त्रिज्या, केंद्रापासून 7.5 सेमीवर बिंदू" हा प्रश्न होता. 'स्पर्शिका' शब्द दिसला आणि हात तिकडेच चालला.

तुझी निवड वाईट नव्हती, असं मी त्याला सांगितलं. पाच पेपरांतून एखादा नेमका प्रश्न ओळखणं जमतच नाही. "तीन वर्षं आला नाही, म्हणजे यंदा येणार" याला आधार नसतो, आणि पेपर काढणाऱ्या शिक्षकांसमोरही जुने पेपर असतातच. आकडे बदलले, एक अट बदलली की प्रश्न नवा होतो.

मग आम्ही रचनेचे सगळे प्रश्न कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवले. आकडे गाळले. फक्त दिलंय काय, हवंय काय आणि पहिली पायरी कोणती, एवढंच लिहिलं. पहिली पायरी सारखी असलेल्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या. पाच गठ्ठे झाले: समरूप त्रिकोणाचे दोन, सामाईक शिरोबिंदू असलेला आणि नसलेला, स्पर्शिकेचे तीन, केंद्र वापरून, केंद्र न वापरता आणि बाहेरच्या बिंदूतून. केंद्र न वापरता काढायची तर पहिली पायरी दिलेल्या बिंदूतून जीवा. मग कंसावर तिसरा बिंदू घेऊन तिथला कोन जीवेच्या दिलेल्या बिंदूकडच्या टोकाशी, विरुद्ध बाजूला उतरवायचा. ही पायरी त्याने कधी केलीच नव्हती, कारण यादीत तो गठ्ठाच नव्हता.

गठ्ठे खरे की मनाचे, हे तपासायची रीत सोपी आहे. सर्वांत ताजा पेपर बाजूला ठेवायचा, उरलेल्या चारांवरून गठ्ठे करायचे, मग तो उघडून किती प्रश्न कुठल्या गठ्ठ्यात बसतात ते मोजायचं. ज्या प्रश्नाला गठ्ठा मिळत नाही, त्याचा प्रकार पुस्तकात शोधायचा. सिद्धतेच्या प्रमेयांना मात्र ही रीत लावू नका. ती मोजकी आहेत आणि शब्दशः विचारली जातात, म्हणून त्यांतली निवड न करता सगळीच करायची. पाचव्या प्रश्नाचे 3 गुण बहुधा गठ्ठ्यांबाहेरचे असतात, तेही धरून चाला.

पुढच्या भेटीत मी त्याला नवे आकडे घालून पाच रचना दिल्या. कंपास उचलण्याआधी तो प्रत्येकीखाली गठ्ठ्याचं नाव लिहीत होता. तिसरीपाशी थांबला, 'केंद्राचा उपयोग न करता' या शब्दांखाली रेघ ओढली आणि जीवा काढली.