सिंथेसिस मॅट्रिक्स: तक्ता करूनही आढावा यादीसारखाच का होतो?

प्रश्न: लिटरेचर रिव्ह्यू वाचून गाईड म्हणाले, ही नुसती यादी आहे, तुलना कुठे आहे? सिंथेसिस मॅट्रिक्स, म्हणजे ओळींत पेपर आणि रकान्यांत तुलनेचे मुद्दे असा तक्ता, करायला सांगितलं. तक्ता केला, तरी परिच्छेद ‘अमुक यांना असे आढळले’ असेच येतायत. काय चुकतंय?

उत्तर:

तुमच्या रकान्यांचे मथळे एकदा बघा. लेखक, वर्ष, पद्धत, नमुना, निष्कर्ष असे असतील, तर गडबड तिथेच आहे. विशेषतः ‘निष्कर्ष’ हा रकाना. त्यात प्रत्येक पेपरचा अख्खा सारांश जाऊन बसतो, आणि लिहिताना तोच सारांश परिच्छेद होऊन बाहेर येतो. मथळा असा हवा की प्रत्येक अभ्यासाला तोच एक नेमका प्रश्न विचारता येईल.

एक खरं उदाहरण घेऊ. व्याख्यानाच्या नोट्स हाताने काढाव्यात की लॅपटॉपवर? म्युलर आणि ओपेनहायमर यांचा 2014 चा पेपर हाताच्या बाजूने होता आणि खूप गाजला. मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी 2019 मध्ये आणि उरी व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये तो पुन्हा तपासला. यादीच्या पद्धतीने लिहिलं तर एवढंच हाती लागतं: पहिल्यांना फरक दिसला, पुढच्या दोघांना ठोस फरक दिसला नाही. वाचणाऱ्याला वाटतं, विषय संपला.

आता ‘निष्कर्ष’ फोडून तीन रकाने करा. लॅपटॉपवाल्यांनी व्याख्यात्याचे शब्द जास्त जसेच्या तसे उतरवले का? संकल्पनांवरच्या प्रश्नांत कोण पुढे होतं? परीक्षेआधी नोट्स वाचायला दिल्या होत्या का, आणि दिल्या तेव्हा काय झालं?

पहिला रकाना वरून खाली वाचा. 2014 आणि 2021, दोन्हीकडे उत्तर ‘हो’. लॅपटॉपवर जास्त शब्द लिहिले जातात आणि त्यातले जास्त शब्द जसेच्या तसे असतात. दुसऱ्या रकान्यात मात्र फाटा फुटतो. 2014 मध्ये हाताने लिहिणारे पुढे, 2021 मध्ये दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे मूळ पेपरमधलं निरीक्षण टिकलं, पण ‘शब्दशः उतरवल्यामुळे समज कमी होते’ हा त्यातला दुवा डळमळला. हे वाक्य कुठल्याही एका पेपरच्या सारांशात सापडणार नाही. ते तुमचं आहे, आणि परिच्छेदाची सुरुवात त्याच वाक्याने करायची. संशोधकांची नावं मागाहून, पुरावा म्हणून येतील.

तिसरा रकाना भरताना एक अडचण येते. 2014 च्या पेपरमध्ये तीन प्रयोग आहेत. नोट्स वाचू देऊन आठवड्याने परीक्षा घेतली ती तिसऱ्या प्रयोगात, आणि तिथे नोट्स वाचायला मिळालेले हाताने लिहिणारे पुढे होते. उरी यांनी पुन्हा केला तो पहिला प्रयोग, त्यात नोट्स वाचणं नव्हतंच. त्यामुळे त्या घरात ‘फरक नाही’ लिहिणं चूक, ‘तपासलं नाही’ लिहायला हवं. मोरहेड यांच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र नोट्स वाचल्यावर गटांमधला फरक आणखी कमी झाला. खरा मतभेद आहे तो इथे, आणि पेपरनिहाय वाचताना तो नजरेतून सुटतो. म्हणूनच मी एका ओळीत पेपर न घेता एक प्रयोग घेते. ओळी वाढतात, पण वेगळ्या परिस्थितीतले निकाल एकमेकांत मिसळत नाहीत.

रिकामी घरं तीन प्रकारची असतात, म्हणून ती कोरी सोडू नका. ‘तपासलं नाही’, ‘तपासलं पण पेपरमध्ये स्पष्ट दिलं नाही’ आणि ‘मी अजून वाचलं नाही’ हे वेगवेगळं लिहा. एखाद्या रकान्यात पहिला प्रकार वरपासून खालपर्यंत दिसला, तर तुमच्या संशोधनाने भरून काढावी अशी उणीव कदाचित तिथेच असेल. तिसऱ्या प्रकाराला उणीव समजून प्रस्तावात लिहून टाकणारे मात्र मुलाखतीत अडकतात.

भरताना प्रत्येक घरात स्वतःच्या शब्दांत एक-दोन ओळी आणि पान क्रमांक, बस्स. मूळ वाक्य चिकटवलंत तर तुलना लांबणीवर पडते आणि नकळत उचलेगिरीही होते. मथळे पाच-सहा पेपर वाचल्यावरच ठरवा, आणि पुढे बदलावे लागतील हे धरून चाला. रकाना फोडायची वेळ आली हे ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यातली दोन घरं शेजारी ठेवल्यावर ‘पण यांनी वेगळंच मोजलंय’ असं वाटलं, की तो फोडा. याउलट सगळ्या घरांत तेच उत्तर असेल, तर तो रकाना आढाव्यात एका वाक्यात आटोपतो, त्यावर परिच्छेद खर्च करू नका.

सगळं भरून झालं की तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवा आणि प्रत्येक रकान्याखाली एकच वाक्य लिहा, कुठल्याही लेखकाचं नाव न घेता. जिथे नावाशिवाय वाक्य जमत नाही, त्या रकान्याचा मथळा पुन्हा तपासा.